प्रोस्टेट आणि बद्धकोष्ठ: कुंथणं दोन्हीकडचं

वडील ७३ वर्षांचे आहेत, प्रोस्टेट वाढलंय. लघवीला पण जोर लावावा लागतो आणि संडासला पण कुंथावं लागतं. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध असतो का?

हो, असतो. आमच्या बाबांचं अगदी असंच झालं होतं म्हणून सविस्तर लिहितोय.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली असतं आणि त्याच्या लगेच मागे गुदाशय, म्हणजे कडक मल साचून गुदाशय फुगला की तो पुढे दाबतो आणि आधीच अरुंद झालेली लघवीची वाट आणखी अडते. त्यात दोन्ही वाटा सैल करणारे खालचे स्नायू एकच आहेत, आणि जोर लावला की बऱ्याच जणांचे ते सुटायच्या ऐवजी आवळले जातात, म्हणून जितकं कुंथाल तितकं अडतं.

बाबा रात्री चार-पाच वेळा उठायचे म्हणून त्यांनी कुणाला न सांगता दिवसभराचंच पाणी कमी केलं. मल खडा झाला, तीन-चार दिवस पोट साफ नाही. मग सर्दी झाली आणि दुकानातून साधी सर्दीची गोळी आणून घेतली. अशा बऱ्याच गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषध असतं, त्याने मूत्राशयाचं तोंड आवळतं, आणि सोबतच्या ॲलर्जीच्या औषधाने मूत्राशय आणि आतडी दोन्ही सुस्तावतात. दुसऱ्या रात्री लघवी पूर्ण बंद, ओटीपोट दगडासारखं. कॅथेटर घालून लघवी काढली. डॉक्टरांनी बोटाने तपासलं तर गुदाशय कडक मलाने गच्च भरलेला, म्हणून एनिमा दिला. चार दिवसांनी पोट साफ झाल्यावर कॅथेटर काढला तेव्हा लघवी आपसूक झाली. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन गोळी चालूच होती, पण तोपर्यंत मलाकडे कुणी बघितलंच नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ते पाणी दिवसा नीट पितात, फक्त झोपायच्या दोन-तीन तास आधी कमी करतात. डॉक्टरांनी दिलेलं मल मऊ करणारं औषध, लॅक्टुलोज, घेतात. (इसबगोल कमी पाण्यात घेऊ देऊ नका, उलट घट्ट बसतं.) संडासला बसताना पायाखाली छोटं स्टूल, घाई नाही. लघवी बसूनच, आणि झाल्यावर मिनिटभर थांबून परत एकदा प्रयत्न, पण जोर न लावता.

तुम्ही एक काम करा, वडील घेतात त्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. वारंवार लघवी लागते म्हणून ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनॅसिन दिलेलं असेल तर त्याने बद्धकोष्ठ होतं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकानेही होतं, पण स्वतःहून काही बंद करू नका. लघवी झाल्यावर किती उरते ते सोनोग्राफीत बघून घ्या.

लघवी अजिबात होत नसेल, किंवा पोट फुगलेलं असून नुसती थेंब थेंब गळत असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच न्या. मांड्यांच्या मधे बधिरपणा किंवा पायात अचानक अशक्तपणा असेल तर कारण मणक्यात असू शकतं, तेव्हाही तसंच.