अभिनंदनाच्या पत्रात फक्त अभिनंदन असावे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप कालच वाचला, आणि खरे सांगायचे तर आधी रागच आला. तू केळीसाठी पुठ्ठ्याचे बॉक्स पुरवतोस त्या रावेरच्या पॅकहाऊसमध्ये खरेदी पाहणारे, ज्यांच्याशी तुझे चांगले बोलणे होते, ते साहेब नोकरी बदलून सावद्याच्या एका केळी निर्यातदाराकडे रुजू झाले. तुला ते लिंक्डइनवर रात्री कळले आणि त्याच रात्री तू व्हॉट्सॲपवर लिहिलेस : "हार्दिक अभिनंदन साहेब. नवीन कंपनीत आपल्या बॉक्सचा विचार व्हावा. सोबत दरपत्रक जोडले आहे." निळ्या खुणा आल्या, पण उत्तर आले नाही. मग काही दिवसांनी "साहेब, पाहिले का?" असेही विचारलेस. आता तुझा प्रश्न असा, की त्यांना फोन करावा की सरळ त्यांच्या मालकांना गाठावे. या दोन्हींपैकी काहीही करू नकोस. आधी त्या माणसाच्या खुर्चीत बसून पाहा, म्हणजे उत्तर का आले नाही ते तुला कळेल.

मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. जळगावच्या एका कारखान्यातील खरेदी विभाग सोडून मी धुळ्याला दुसरीकडे गेलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला जितकी अभिनंदने आली तितकी लग्नातही आली नव्हती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या दुसऱ्या ओळीत माल होता. खरेदीचा माणूस नव्या ठिकाणी जातो तेव्हा त्याला पहिले काही महिने अधिकार जवळजवळ नसतात. बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिने परिविक्षाकाळ असतो, पुरवठादारांची यादी आधीच ठरलेली असते, आणि त्या यादीतले लोक रोज दारात उभे असतात. मालक आणि हिशेब पाहणारे लोक एकाच गोष्टीवर नजर ठेवून असतात : हा माणूस आपली जुनी माणसे सोबत घेऊन येतो आहे का? कारण तसे झाले की टक्केवारीची कुजबुज सुरू होते, मग तो माणूस कितीही स्वच्छ असो. अशा दिवसांत तुझे दरपत्रक त्यांच्या फोनमध्ये पोहोचले. ते उपयोगाचे तर नाहीच, उलट त्यांना अडचणीचे आहे. शिवाय त्यात तू जे दर लिहिलेस ते त्यांच्या जुन्या कंपनीला दिलेल्या दरांच्या आसपासचेच असणार, म्हणजे जुन्या घरची आतली गोष्ट तू नव्या घरी स्वतःच्या हाताने पोहोचवलीस. विचारी माणूस यावर गप्प बसतो. ते गप्प बसले यावरून ते विचारी आहेत, इतकाच अर्थ घे.

आणखी एक गोष्ट तू पाहिली नाहीस. तो संदेश तू कोणत्या नंबरवर पाठवलास? खरेदीवाल्यांकडे पुष्कळदा कंपनीचे सिमकार्ड असते आणि नोकरी सोडताना ते जमा करावे लागते. तसे असेल तर आज तो फोन रावेरला त्यांच्या जागी आलेल्या माणसाच्या हातात असेल, आणि "नवीन कंपनीत आपल्या बॉक्सचा विचार व्हावा" हे वाक्य त्या माणसाने वाचलेले असेल, ज्याच्याकडून तुला अजून ऑर्डर घ्यायच्या आहेत. कंपनीच्या ईमेलचेही तेच होते. म्हणून ज्यांच्याशी नाते जपायचे आहे त्यांचा घरचा नंबर ते जुन्या जागी असतानाच आपल्याकडे असावा, आणि लिहिण्याआधी तो चालू आहे की नाही हे दुसऱ्या कोणाकडून तरी खात्री करून घ्यावे. बदल नेमका कशामुळे झाला हेही त्याच वेळी विचारून घ्यावे, कारण काही वेळा माणूस स्वखुशीने गेलेला नसतो. ते माहीत नसेल तर "बढतीबद्दल अभिनंदन" असे लिहू नये. "नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा" हे कुठल्याही परिस्थितीत शोभते.

आता मूळ मुद्दा. अभिनंदनाच्या पत्रात फक्त अभिनंदन असावे. हे मी तुला याआधीही सांगितले आहे आणि पुन्हा सांगतो, कारण तुझ्या पिढीला हे वेळेचा अपव्यय वाटते. तू असे लिहायला हवे होतेस : "साहेब, नमस्कार. आपण सावद्याला रुजू झाल्याचे समजले. मनापासून अभिनंदन. मागच्या पावसात आमची गाडी रात्री उशिरा पोहोचली, तेव्हा आपण स्वतः थांबून माल उतरवून घेतला होता, ते माझ्या लक्षात आहे. नव्या कामासाठी शुभेच्छा." खाली तुझे नाव आणि गाव. कंपनीचे नाव, हुद्दा, कॅटलॉग काही नको. त्यात एक खरी आठवण आहे, जी दुसरा कोणी लिहू शकणार नाही. लिंक्डइनवर बोट टेकवले की तयार अभिनंदन जाते, आणि असे तयार अभिनंदन कोणी पाठवले हे संध्याकाळपर्यंत विसरले जाते. पावसातली ती रात्र त्यांच्या लक्षात राहते. आणि त्यात एकही प्रश्न नाही, त्यामुळे उत्तर देण्याचे ओझे त्यांच्यावर पडत नाही.

"काही लागले तर सांगा" हे वाक्यही त्यात घालू नकोस. तुला ते नम्र वाटते. वाचणाऱ्याला ती पांघरुणाखालची मागणी दिसते. "एकदा भेटू या" हेही तसेच. अभिनंदनाच्या पत्रात फक्त अभिनंदन. दोन वर्षे तू गप्प होतास आणि नोकरी बदलल्यावर अचानक आठवण झाली, अशी स्थिती असेल तर "बरेच दिवस बोलणे झाले नाही" एवढी एक ओळ लिहून पुढे जावे, सबबी सांगत बसू नये.

त्यानंतर थांबावे. किती, तर सहा ते आठ आठवडे. तेवढ्यात त्यांना नव्या जागेची माणसे कळतात, गोदाम कळते, कुठे काय बिघडते ते कळते. त्यानंतरचा संदेश त्यांच्या कामाचा असावा, तुझ्या नव्हे. तुला बॉक्सचे ज्ञान आहे, मग ते दे. केळी धुण्याच्या टाकीजवळ बॉक्सचे गठ्ठे ठेवले की पुठ्ठा ओल धरतो. हाताला तो फक्त किंचित मऊ लागतो, पण थप्पीतला सर्वांत खालचा बॉक्स वजनाने बसतो आणि आतल्या फण्यांना डाग पडतात. मग दोष पुठ्ठ्याच्या दर्जाला दिला जातो, आणि खरे कारण गठ्ठे ठेवण्याच्या जागेत असते. पावसाळा तोंडावर आला असताना एवढेच लिहावे की गठ्ठे लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून सुटे आणि टाकीपासून दूर ठेवले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. हे ते कोणाकडूनही बॉक्स घेत असले तरी त्यांच्या उपयोगाचे आहे, आणि नव्या जागी मालकाला दाखवण्यासारखे त्यांच्या हाती काही पडते. सल्ला देताना सध्याच्या पुरवठादाराला नावे ठेवू नकोस, आणि जुन्या कंपनीत आता काय चालले आहे याची बातमीही पुरवू नकोस. जो तिकडचे इकडे सांगतो, तो उद्या इकडचे तिकडे सांगेल, हे त्यांना लगेच कळते.

बोलणे पुन्हा सुरू झाले की नाही हे कसे ओळखावे? नुसते "धन्यवाद" किंवा अंगठ्याचे चित्र आले तर ते होकारही नाही आणि नकारही नाही. गप्प राहून पुढच्या निमित्ताची वाट पाहावी. त्यांनी आपणहून आपल्या कामातले काही सांगितले, "आमच्याकडे थप्पी किती उंच ठेवावी?" असा उलट प्रश्न केला, किंवा फोन त्यांच्याकडून आला, तर दार उघडले असे समज. त्यानंतरचे मागणेही लहान असावे : "आपल्याकडे नव्या पुरवठादाराची नोंदणी कशी होते आणि कोणाला भेटावे?" जीएसटी, उद्यम नोंदणी, पॅन, रद्द केलेला धनादेश ही कागदपत्रे तयार ठेव, नमुना रीतसर दे, चाचणीचा छोटा लॉट दे. नियमाने आत गेलास तर त्यांच्यावर बोट उचलले जात नाही, आणि "सध्या जागा नाही" असे म्हणायलाही त्यांना अवघड वाटत नाही. मात्र त्यांनी स्वतः दर विचारला तर त्याच दिवशी दे. तिथे आढेवेढे घेणे हा शहाणपणा नाही.

तुझे मालक म्हणतील की म्हातारा हळू चालायला शिकवतो. मलाही लोक हेच म्हणत. मी नोकरी सोडून स्वतः पुरवठा करू लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी दरपत्रक घेऊन जाणाऱ्यांनी माझ्या आधी काही ऑर्डरी नेल्या, हे मी नाकारत नाही. पण ज्यांच्याकडे मी थांबून गेलो, त्यांनी पुढे जागा बदलल्या तरी मला सोबत ठेवले, आणि माझे घर त्यावरच चालले. म्हणून मी ही गोष्ट सोडणार नाही, कोणी काही म्हणो.

पण थांबणे म्हणजे कधीच न मागणे नव्हे, आणि याची मला आजही हळहळ आहे. धुळ्याला गेल्यावर मला एका पुरवठादाराचे दोन ओळींचे स्वच्छ अभिनंदन आले होते. पुढे वर्षभर तो अधूनमधून कामाचे काहीतरी कळवत राहिला. माझ्याकडे त्याला देण्यासारखे काम निघाले, तेव्हा मी त्याच्या एका शब्दाची वाट पाहत होतो. भिडस्त माणूस, त्याने विचारलेच नाही. खरेदीवाल्याने आपणहून एखाद्याला बोलावले तर तो त्याचाच माणूस ठरतो, म्हणून मला पहिले पाऊल टाकता येत नव्हते. ते काम दुसऱ्याला गेले. तू मागशील तेव्हा स्पष्ट माग, फक्त अभिनंदनासोबत मागू नकोस.

सध्या सावद्याच्या साहेबांना तिसरा संदेश पाठवू नकोस. मालकांकडे तर मुळीच जाऊ नकोस. नव्या माणसाच्या डोक्यावरून गेल्याचा डाग पुसत नाही. कुठे लग्नकार्यात किंवा बाजारात गाठ पडली तर राम राम करून "कामाचा जम बसला का?" एवढेच विचार आणि झाल्या प्रकाराचा खुलासा करत बसू नकोस. दोन महिन्यांनी गठ्ठ्यांच्या ओलीबद्दलचा तो संदेश त्यांच्या घरच्या नंबरवर पाठव, त्यात दराचा उल्लेखही नको.

आणि या आठवड्यात रावेरला जा. त्यांच्या जागी आलेला माणूसही नवीनच आहे, त्यालाही अजून कोणी नुसते भेटायला गेलेले नसेल. चालू ऑर्डरीचा हिशेब, किती माल पोहोचला आणि किती बाकी आहे, एका कागदावर लिहून त्याला दे, म्हणजे आधीच्याचे कागद शोधण्याचा त्याचा त्रास वाचेल. नव्या जागेबद्दल त्याचेही अभिनंदन कर, आणि दरपत्रक गाडीतच ठेव.

तुझा,
काका