मेगावॅट नको, युनिटं मोजा

"भरती-ओहोटी, भूऔष्णिक आणि हायड्रोजन ऊर्जेची क्षमता, खर्च आणि पर्यावरणीय मर्यादा यांवर तुलना करा, असा 150 शब्दांचा प्रश्न सरावात आला होता. मी तिघांवर एकेक परिच्छेद लिहिला. सरांनी शेरा दिला, 'माहिती आहे, तुलना नाही.' मग लिहायचं कसं?"

तिन्ही एकाच मापाने मोजा, म्हणजे तुलना आपोआप होते. भारताची भरती-ओहोटीची अंदाजित क्षमता सुमारे 12,450 मेगावॅट आणि भूऔष्णिक सुमारे 10,600 मेगावॅट. हे आकडे शेजारी ठेवले की समुद्र पुढे दिसतो, पण भरतीचं केंद्र दिवसातून ठरावीक तासच चालतं. फ्रान्समधलं ला रान्स केंद्र 1966 पासून सुरू आहे. त्याची क्षमता 240 मेगावॅट, वर्षाची वीज साधारण 50 कोटी युनिट. अखंड चाललं असतं तर 210 कोटी मिळाली असती, म्हणजे हाती पडते ती जेमतेम चौथाई. जमिनीतली उष्णता मात्र रात्रंदिवस मिळते, त्यामुळे भूऔष्णिक केंद्राला 80 टक्के धरायला हरकत नाही. या हिशेबाने समुद्राची वर्षाला सुमारे 2,700 कोटी युनिटं होतात आणि जमिनीखालची 7,400 कोटी. क्रम उलटला! (हे सगळं कागदावरचं, भारतात व्यापारी केंद्र आज दोन्हींचं एकही नाही.)

हायड्रोजन या रांगेत बसतच नाही. तो ऊर्जेचा स्रोत नव्हे, वाहक आहे. आधी वीज खातो, मग ऊर्जा देतो. अक्षय विजेने पाणी फोडून एक किलो हरित हायड्रोजन करायला 50 ते 55 युनिट लागतात. जानेवारी 2023 च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचं 2030 चं उद्दिष्ट वर्षाला 50 लाख टन आहे. त्याला सुमारे 27,500 कोटी युनिटं लागतील, म्हणजे वरच्या दोघांची बेरीज करूनही निम्मी गरज भागत नाही. अभियानात 125 गिगावॅट नव्या अक्षय ऊर्जेचं उद्दिष्ट का आहे, ते इथे कळतं. हायड्रोजन स्रोत नव्हे, वाहक आहे, हेच उत्तराचं पहिलं वाक्य असू द्या.

खर्चासाठी आपल्याकडचीच दोन उदाहरणं घ्या, दोन्ही खर्चापायी सोडून दिलेली. कच्छच्या आखातातला 50 मेगावॅटचा प्रकल्प 750 कोटींचा होता, सुंदरबनातला दुर्गादुआनीचा 3.75 मेगावॅटचा 238 कोटींचा. चौथाई वीज आणि भांडवलावर वर्षाला 10 टक्के बोजा धरला, तर कच्छची वीज युनिटला सुमारे 7 रुपये पडते, दुर्गादुआनीची 29. देखभाल यात धरलेलीच नाही. सौर लिलावांत दर अडीच रुपयांच्या आसपास गेलेले असताना हे गणित जुळणं अवघड होतं. भूऔष्णिकमध्ये पैसा बोअरमध्ये अडकतो: खाली पुरेसं तापमान आणि पाणी आहे का, हे खणल्याशिवाय कळत नाही आणि विहीर फसली तर खर्च बुडाला. लडाखमधलं पुगा खोरं सर्वांत आशादायक, पण ते 14,000 फुटांवर. आपल्या कोकणातले झरे 70 अंशांच्या आतबाहेर. विजेपेक्षा कोकम-आंबापोळी सुकवायला ती उष्णता जास्त कामाची. हायड्रोजनचा खर्च म्हणजे मुख्यतः विजेचा दर: 3 रुपयांनी वीज मिळाली तरी किलोमागे 165 रुपये तिथेच गेले. आणि इंधनघटातून परत वीज केली तर 55 युनिटांची जेमतेम 17-18 उरतात. म्हणून तो वीज साठवण्यापेक्षा खत कारखाने, तेलशुद्धीकरण, पोलाद इथे वापरावा, असं ठामपणे लिहा.

पर्यावरणात 'परिणाम होतो' एवढं लिहून थांबू नका. ला रान्स बांधताना नदीमुख सुमारे तीन वर्षं समुद्रापासून तोडलं गेलं आणि तिथली जीवसृष्टी कोलमडली. कच्छच्या आखातात तर प्रवाळ आणि खारफुटीचं सागरी राष्ट्रीय उद्यानच आहे. याउलट दक्षिण कोरियाचं सिह्वा केंद्र (2011, 254 मेगावॅट) आधीच बांधलेल्या समुद्रभिंतीत बसवलं. पाणी पुन्हा खेळू लागल्याने कोंडलेल्या सरोवराची घाण कमी झाली. म्हणजे मर्यादा भरतीची नाही, नव्या बंधाऱ्याची आहे. भूऔष्णिकमध्ये वर येणाऱ्या पाण्यात बोरॉन, आर्सेनिक असू शकतं. ते पुन्हा खाली सोडावंच लागतं, ओढ्यात नाही.

हायड्रोजनबाबत सगळे पाण्याचा प्रश्न लिहितात, पण मोजत नाहीत. किलोला किमान 9 लिटर, म्हणजे 50 लाख टनांना सुमारे 1.6 टीएमसी, शुद्धीकरण आणि थंडाव्याचं धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट. कोयनेत 105 टीएमसी मावतं. देशाच्या हिशेबात हे थोडंच आहे, पण ऊन भरपूर म्हणून कारखाना कच्छ-मराठवाड्यात गेला, तर तिथल्या तालुक्याला ते जड जाईल.