बीएसएने भागताना एवढं बघ

हृदयाच्या मापांना बीएसएने, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने, भागायला, म्हणजे इंडेक्सिंगला, सुरुवात करतोयस, तर आधी उंची आणि वजन स्वतः मोज. पेशंटने सांगितलेला आकडा टाकू नकोस. पुण्यात आमच्याकडे १६५ सेंमी, १३० किलोचे एक काका आले होते. बीएसए २.४४. डाव्या जवनिकेचं वस्तुमान २४० ग्रॅम, म्हणजे ९८ ग्रॅम प्रति चौमी. पुरुषांची मर्यादा ११५, म्हणून नवख्याने ‘नॉर्मल’ लिहिलं. मीटरमधल्या उंचीच्या २.७ घाताने भागलं तर ६२ येतात, मर्यादा ४८! चरबीने बीएसए फुगतो, त्यामुळे जाड झालेलं हृदय लपतं. इतक्या वजनदार माणसात दोन्ही आकडे लिही.

कार्डियाक आउटपुटचंही, म्हणजे हृदय मिनिटाला किती रक्त पंप करतं त्याचंही, तसंच. ५.५ लिटरला २.४४ ने भागलं की इंडेक्स २.२५, कमी वाटतो. पण चरबीला रक्त थोडंच लागतं. लॅक्टेट, लघवी, हातपाय गार आहेत का, हे बघितल्याशिवाय औषध वाढवायला सांगू नकोस.