नंबरही काढून दे म्हणणारा ग्राहक

“मॅडम, एका साइटवरून चार हजार वस्तूंचे भाव रोज काढून द्यायचेत, शिवाय लॉगिन करून विक्रेत्यांचे मोबाईल नंबरही. ग्राहक तीन हजार देतो म्हणतो. हे कायद्यात बसतं का? आणि पैसे किती मागू?”

स्क्रेपिंगची, म्हणजे साइटवरून यंत्राने माहिती उचलायची कामं घेणारी मुलं हल्ली हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकाचं सविस्तर सांगते. हा मुलगा नागपुरातल्या मानेवाड्याचा, ग्राहक तिथल्याच इतवारीतला हार्डवेअरचा ठोक व्यापारी.

“नाही म्हटलं तर काम हातचं जाईल, हो म्हटलं तर पोलीस येतील,” तो म्हणाला.

“नंबर त्याला कशाला हवेत?”

“ते नाही विचारलं.”

माणूस घाबरतो तेव्हा सगळी भीती एकाच वाक्यात बोलतो, असं माझं मत आहे. त्या वाक्याचे तुकडे केल्याशिवाय मी सल्ला देत नाही. त्याला कागदावर दोन रकाने आखायला लावले. एकात लॉगिन न करता कोणालाही दिसणारी माहिती, दुसऱ्यात लॉगिननंतरची. भाव, मालाचं नाव, माप हे सगळं पहिल्यात गेलं. दुसऱ्यात उरले फक्त नंबर.

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मला भीती कामाची नाहीच वाटत. एकाच रकान्याची वाटते.” अशा क्षणासाठीच मी हे काम करते. उत्तर त्याच्याच हाताने कागदावर आलं होतं.

त्या रकान्याचं बोलू. खातं उघडताना आपण साइटच्या अटी मान्य करतो. त्यात यंत्राने माहिती उचलायला मनाई असेल, तर ती मोडणं म्हणजे करार मोडणं. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकातून माहिती उतरवून घेतली तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं, तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यक्तिगत नंबरांसाठी 2023 चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदाही लक्षात घ्यायचा, त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. माणसाने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती त्यातून वगळली आहे, पण लॉगिनमागे ठेवलेला नंबर “सार्वजनिक केलेला” म्हणणं अवघड आहे.

पहिला रकानाही मोकळं रान नाही. यंत्रांनी कुठली पानं उघडू नयेत हे सांगणारी साइटची `robots.txt` फाईल आणि अटी आधी वाचायच्या. आणि वेग: एकाच वेळी शेकडो पानं मागून समोरचा सर्व्हर अडला, तर तेही कलम 43 मध्येच येतं. तीन सेकंदांना एक पान धरलं तर चार हजार पानांना बारा हजार सेकंद, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. रात्री लावून ठेवलं की सकाळी फाईल तयार. सर्व्हरकडून 429 हा कोड, म्हणजे “फार मागण्या झाल्या”, आला तर वेग कमी करायचा. 403, म्हणजे “परवानगी नाही”, आला तर थांबायचं, आयपी बदलत पुढे घुसायचं नाही.

मग पैशांकडे वळलो. “तीन हजार कशाचे?” विचारल्यावर त्याने फाईलमधल्या ओळींचा हिशेब मांडला, एका वस्तूची एक ओळ. मी तासांचा मांडायला लावला. साइट समजून घ्यायला तीन तास, कोडला आठ, भाव आणि मापं एकसारखी करायला पाच, ग्राहकाला समजावून द्यायला दोन. एकूण अठरा. त्याचा स्वतःचा दर तासाला साडेतीनशे, म्हणजे सहा हजार तीनशे. ओळींवर दर लावणारे हमखास बुडतात, कारण वेळ ओळी मोजण्यात जात नाही, साफसफाईत जातो.

रोज चालवायचं काम वेगळं, त्याचे महिन्याचे पैसे वेगळे. साइटने पानाची मांडणी बदलली की कोड मोडतो, आणि बऱ्याचदा मुकाट्याने मोडतो. पान 200, म्हणजे “सगळं ठीक” हा कोड देतं, पण आत कॅप्चा असतो आणि भावाचा रकाना कोरा जातो. म्हणून रोज कालच्या आणि आजच्या ओळींची संख्या ताडून बघायची, रिकामे भाव मोजायचे आणि वीसेक वस्तू साइटवर हाताने तपासायच्या. ही दुरुस्ती किती तासांपर्यंत महिन्याच्या पैशांत धरली आहे, तेही लिहून घ्यायचं.

ग्राहकाशी काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. “भाऊ, नंबर लॉगिनमागे आहेत, ते मी काढत नाही. भाव रोज देतो. नंबर नेमके कशाला लागतात?” त्याने हे प्रत्यक्ष विचारलं तेव्हा व्यापारी म्हणाला, “अबे, नंबर सोबत आले तर आले म्हटलं. मले तर भावच पायजेत.”

सहा हजारांवर ठरलं, निम्मे आधी. दर महिन्याच्या देखभालीचे दीड हजार वेगळे. नमुना म्हणून आधी काढलेले नंबर त्याने फाईलमधून खोडले आणि तसं ग्राहकाला लेखी कळवलं.