ग्राफ जुळला, पण बेरीज जुळते का?

प्रिय,

तुझ्या विद्यार्थ्यांचा फ्लूच्या साथीच्या मॉडेलवरचा, तू पाठवलेला रिपोर्ट नीट वाचला. फिट, म्हणजे डेटावर बसवलेला मॉडेलचा वक्र, एवढा छान बसलाय तर मार्क कापायचे कुठे, असं विचारलंयस ना, मग त्या फिटपासूनच सुरुवात करू.

त्यांनी घेतलेला डेटा प्रसिद्ध आहे, 1978 साली इंग्लंडमधल्या एका मुलांच्या बोर्डिंग स्कूलमध्ये आलेली फ्लूची साथ. एकूण मुलं 763, साथ दोनेक आठवड्यांत आटोपली, आजारी पडली 512 आणि रोज किती मुलं अंथरुणाला खिळलेली होती ते आकडे आहेत, पीकला जवळपास 300. त्यावर त्यांनी एसआयआर मॉडेल बसवलं, म्हणजे लागण होऊ शकणारे, लागण पसरवणारे आणि बाहेर पडलेले असे तीन गट. उत्तर आलं, लागण पसरण्याचा दर β = 1.66 आणि पसरवणाऱ्यांच्या गटातून बाहेर पडण्याचा दर γ = 0.45 दर दिवसाला, म्हणून R0, म्हणजे सुरुवातीला एका मुलापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा, β/γ = 3.7. वक्र डेटाच्या ठिपक्यांवरून अगदी अलगद जातो. इथवर आकडेमोडीत काही चूक नाहीये.

आता गृहीतकांचं पान बघ. सगळे सगळ्यांमध्ये सारखे मिसळतात असं लिहिलंय, आणि कारण दिलंय की मुलं एकत्र राहतात, एकत्र जेवतात. हे मला पटतं, अख्ख्या शहरासाठी पटलं नसतं. पण सगळ्यात मोठं गृहीतक त्यांनी लिहिलेलंच नाही, ते म्हणजे अंथरुणात असलेली मुलं = लागण पसरवणारी मुलं. जो मुलगा वेगळा झोपवलाय तो इतरांना फारसा आजार देणारच नाही, खरं तर तो पसरवणाऱ्यांच्या गटातून बाहेर पडलाय, म्हणजे डेटा एका गटाचा आणि वक्र दुसऱ्या गटाचा असं झालंय. रिपोर्ट तपासताना मी आधी हेच विचारतो की डेटातली मोजलेली गोष्ट आणि मॉडेलमधलं अक्षर एकच आहे का, कारण लिहिलेली गृहीतकं सगळेच तपासतात, न लिहिलेली तशीच सुटतात.

याने फरक पडतो का हे बघायला नवीन डेटा लागत नाही. R0 = 3.7 असेल आणि सुरुवातीला जवळपास सगळ्यांनाच लागण होऊ शकत असेल, तर साथ संपेपर्यंत एकूण मुलांपैकी किती हिश्श्याला लागण होईल, त्याला z म्हणू, ते z = 1 − e^(−3.7z) यावरून निघतं. सोडवून बघ, z साधारण 0.97 येतो, म्हणजे 740 मुलं. प्रत्यक्षात 512! हा आकडा रिपोर्टच्या पहिल्याच पानावर आहे आणि फिट करताना वापरलेला नाही, म्हणजे व्हॅलिडेशनसाठी, मॉडेल खरं ठरतं का ते पडताळायला, आयता हातात होता, तरी कोणी लावून बघितला नाही.

मग वक्र जुळला कसा? रोजच्या आकड्यांची बेरीज कर, सुमारे 1550 येते, ही अंथरुणातल्या दिवसांची एकूण संख्या. भागिले 512, म्हणजे दर मुलामागे तीन दिवस. मॉडेलमध्ये 1/γ म्हणजे 2.2 दिवस, गुणिले 740, साधारण 1630. जास्त मुलं, कमी दिवस, एकूण जवळपास तेवढंच, त्यामुळे वक्राखालचं क्षेत्रफळ जुळलं आणि डोळ्याला सगळं ठीक दिसलं. यावर ते म्हणतील की उरलेल्या 230 मुलांना सौम्य लागण झाली असेल. असेलही, पण मग ती मुलं अंथरुणात नव्हती, म्हणजे तो वक्र अंथरुणातल्या मुलांचा असूच शकत नाही. दोन्ही गोष्टी एकदम धरता येत नाहीत.

त्यांनी व्हॅलिडेशन या मथळ्याखाली R², म्हणजे वक्र ठिपक्यांशी किती जुळतो त्याचं माप, दिलाय, तोसुद्धा ज्या डेटावर β आणि γ काढले त्याच डेटाचा. ते व्हॅलिडेशन नव्हे. त्यांना सांग की पहिल्या पाच दिवसांवर फिट करा आणि पुढचे दिवस वर्तवून दाखवा. तेव्हा कळेल की सुरुवातीची वाढ, म्हणजे रोज साधारण तिप्पट, फक्त β − γ ठरवते, दोन्ही वेगवेगळे नाही, त्यामुळे R0 दोन असो की चार, सुरुवातीचे ठिपके जवळपास तसेच जुळतात. म्हणूनच R0 = 3.69 असं दोन दशांश स्थळांपर्यंत आणि रेंज न देता लिहिणं मला खटकतं.

निष्कर्षातलं "फ्लूचा R0 3.69 आहे" हे वाक्य काढायलाच लाव. फार तर असं म्हणता येईल की या शाळेत, या गृहीतकांखाली, अंथरुणातल्या मुलांनाच पसरवणारी मुलं मानलं तर अंदाज 3.7 च्या आसपास येतो, पण एकूण आजारी मुलांचा आकडा मॉडेलशी जुळत नाही.

मार्कांचं म्हणशील तर मॉडेल आणि आकडेमोडीचे पूर्ण दे, व्हॅलिडेशनचे जवळपास काहीच नको, आणि रिपोर्ट परत देऊन अंथरुणातल्या मुलांचा चौथा गट घालून बघायला सांग. तो केल्यावर 512 च्या किती जवळ जातात ते मलाही बघायचंय, दुसरा ड्राफ्ट आला की पाठव.