दशक-एककाचा ऐकायचा आणि चाचपायचा खेळ

प्रश्न: माझ्या तिसरीच्या वर्गात एक पूर्ण अंध आणि एक अल्पदृष्टी मूल आहे. गणिताच्या तासाला दोघं नुसती बसून राहतात. सगळ्यांना एकत्र खेळता येईल असं काही सुचवाल का?

उत्तर: मी नागपुरात तिसरीलाच शिकवते. दशक-एककापासून सुरुवात करा. फळ्यावर ४२ लिहिलं की डोळस मुलाला दशक कोणतं ते जागेवरून कळतं. अंध मुलाला ते आवाजातून कळू द्या. स्टीलच्या ताटावर चमचा वाजला की दशक, बाकावर डस्टर आपटलं की एकक. म्हणजे ४२ ला चार टण, दोन टक. वाजवणारं मूल वर्गाकडे पाठ करून उभं राहतं, म्हणजे कुणालाच बघून मोजता येत नाही. डोळ्यांवर पट्ट्या बांधायची गरज पडत नाही.

बाकीचे जोडीजोडीने ती संख्या काड्यांनी मांडतात. आइसक्रीमच्या दहा काड्या रबरबँडने बांधल्या की एक गठ्ठा. काठाचं ताट घ्या, मधोमध सुतळी चिकटवा. डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या काड्या. अल्पदृष्टी मुलाच्या ताटात काळं कापड अंथरा. काड्या उठून दिसतात आणि स्टीलची चमक डोळ्यांवर येत नाही. जोडीदाराने हात धरून काडी ठेवून द्यायची नाही, हे मात्र आधीच बजावा.

४० वाजवलं की मुलं टकची वाट बघत बसतात, म्हणून संख्या संपली की एक टाळी. पाचाच्या पुढे ठोके मोजताना गोंधळ होतो. पाच ठोके झाले की क्षणभर थांबायला लावा. आठ मग ‘पाच आणि तीन’ असे ऐकू येतात. उन्हाळ्यात कूलर सुरू असला की टक ऐकूच येत नाही, तेव्हा मी वर्ग व्हरांड्यात काढते.

खरी मजा वजाबाकीत आहे. ४२ मधून १७ घालवायचे. दोन सुट्या काड्यांतून सात निघत नाहीत, तेव्हा मूल स्वतः एका गठ्ठ्याचा रबर काढतं आणि दहा काड्या सुतळीपलीकडे सरकवतं. बारा झाल्या. सात काढल्या, पाच उरल्या; तीन गठ्ठ्यांतला एक गेला. उत्तर वाजवून द्यायचं: दोन टण, पाच टक, टाळी. कुणी ३५ वाजवलं तर समजा, गठ्ठा सोडलाच नाही, सातातून दोन वजा केले. त्याला तोंडी समजावत बसू नका, गठ्ठा हातात द्या आणि पुन्हा मांडायला सांगा.

खेळानंतर तेच उदाहरण अंध मुलाकडून ब्रेल पाटीवर लिहून घ्या.

अपूर्णांकाला संत्र्याच्या फोडी घ्या, असं आपल्याकडे कुणीतरी हमखास सुचवतं. पण त्या सारख्या नसतात आणि दर संत्र्यात तितक्याच निघतीलच असंही नाही. त्यापेक्षा कागदाची पट्टी बरी, घड्या बोटांना कळतात.