दुर्खाइमचं पहिलं प्रकरण डोक्यावरून जातं तेव्हा

"ताई, दुर्खाइमच्या 'समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम'चं पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचतेय. एकेक वाक्य कळतं, पण पान उलटलं की काय वाचलं ते सांगता येत नाही. वर्गात बाकीचे माना डोलावतात. मला हा विषय झेपेल ना?"

प्रिय सायली,

आमच्या विभागात नव्या मुलांच्या वाचनाच्या अडचणी बघायला एमएची काही मुलं बसतात, त्यात मीही असते. गेल्या सत्रात एक मुलगा हेच प्रकरण घेऊन आला, 'सामाजिक तथ्य म्हणजे काय?' मी आधी त्याची वही मागितली. पहिलीच ओळ होती, 'दुर्खाइमच्या मते खाणं, पिणं, झोपणं ही सामाजिक तथ्यं आहेत.'

गोची तिथेच होती. दुर्खाइम सुरुवातीला जे मांडतो ते त्याला खोडायचं असतं. समाजात घडणाऱ्या जवळपास कशालाही लोक 'सामाजिक' म्हणतात. तसं धरलं तर खाणं-झोपणंही त्यात येईल आणि समाजशास्त्राला स्वतःचा विषयच उरणार नाही, असा त्याचा आक्षेप आहे. दुसऱ्याचं मत त्याच्या नावावर टिपलं की पुढचं सगळं उलटसुलट वाटू लागतं.

मी त्याला प्रकरणाचा शेवट आधी वाचायला लावला, कारण पक्की व्याख्या तिथे आहे. मग पहिल्यापासून वाचताना मत कुणाचं आहे ते बघून समासात फक्त 'तो' किंवा 'इतर' एवढंच लिहायचं. पेन अडखळलं की ते वाक्य पुन्हा वाचायचं, बाकी पुढे सरकायचं. गर्दीतल्या भावनांच्या लाटेचा भाग पहिल्या वाचनात भरभर वाचलास तरी चालेल.

व्याख्येत बाहेरून येणाऱ्या सक्तीची गोष्ट आहे. दुर्खाइम उदाहरण देतो ते कारखानदाराचं: जुन्या शतकातल्या पद्धती वापरायला त्याला कुणी अडवत नाही, पण त्याचं दिवाळं निघेल. मी मुलाला म्हटलं, तुझं उदाहरण दे. तो म्हणाला, लग्नातला आहेर. नाही दिला तर? "दंड कोण करणार? पण आईला वर्षभर ऐकावं लागेल." नियम मोडायला गेल्यावरच सक्ती जाणवते, हे त्याला तिथे कळलं.

पण लगेच म्हणाला, "सगळे देतात, म्हणून तो सामाजिक." इथे मात्र सावकाश वाच, अख्ख्या प्रकरणात माझ्या मते हाच परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा. दुर्खाइमचं म्हणणं याच्या उलट आहे: गोष्ट सगळ्यांत दिसते म्हणून ती सामूहिक ठरत नाही, ती सामूहिक असते, सक्तीची असते, म्हणून सगळ्यांत दिसते. झोपतात सगळेच, पण न झोपणाऱ्याच्या आईला कुणी बोलत नाही!

शेवट आधी वाचायची ही युक्ती वेबरला लावू नकोस. 'अर्थव्यवस्था आणि समाज'च्या पहिल्या प्रकरणात व्याख्या सुरुवातीलाच येते आणि खाली क्रमांक घातलेली स्पष्टीकरणं असतात. तिथे एक व्याख्या, तिची स्पष्टीकरणं, मग आपलं एक उदाहरण, एवढंच एका बैठकीत कर.

तुझी ताई